हळद उन्हात जाते, तेल जात नाही: पांढऱ्या कपड्यांच्या कामाच्या नोंदी

काम पुण्यातल्या एका खानावळीच्या कपड्यांचं. सुती एप्रन १४, वाढप्यांचे टेरिकॉटचे शर्ट ९ (६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के सूत) आणि पूर्ण पॉलिस्टरचे टेबलक्लॉथ ६. सगळे पांढरे, सगळ्यांवर रस्सा, आमटी आणि तर्रीचे पिवळे डाग. जागा उघडी गच्ची. सकाळी दहापासून दुपारी साडेतीनपर्यंत तिच्यावर सावली येत नाही.

७ एप्रिल

कपडे ताब्यात घेतले. पाच एप्रनवरचे डाग पिवळे नसून लालसर-तपकिरी आहेत. खानावळीत त्यांना कपड्यांच्या वडीने घासलं आणि डाग लाल झाल्यावर "कपडा गेला" म्हणून बाजूला टाकलं. कपडा गेलेला नाही. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, आणि तो साबण, धुण्याचा सोडा, चुना अशा कुठल्याही क्षारापाशी आला की लाल होतो. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, तसंच इथे घडलंय. साधं पाणी घालून साबण पूर्ण काढला आणि शेवटच्या खंगाळणीला चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घातलं की डाग परत पिवळा होतो. पाचही एप्रन असे पिवळ्यावर आणून घेतले.

या लालीचा एक उपयोग पुढे रोज लागणार आहे. डाग दिसेनासा झाला तरी आत हळद शिल्लक आहे का, हे तपासायला धुण्याच्या सोड्याचं पाणी पुरतं. कपभर पाण्यात अर्धा चमचा सोडा विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्याने डागाच्या कडेला एक थेंब टेकवायचा. लाली आली तर हळद आहे, नाही आली तर उरलेला पिवळेपणा दुसऱ्या कशाचा तरी आहे. तपासून झालं की ती जागा लगेच पाण्याने धुवायची.

८ एप्रिल

खऱ्या कपड्यांना हात लावण्याआधी जुन्या पांढऱ्या सुती चादरीचा तुकडा घेऊन चाचणी केली. दोन मिश्रणं केली. पहिलं, पाव चमचा हळद दोन चमचे पाण्यात. दुसरं, पाव चमचा हळद दोन चमचे कोमट शेंगदाणा तेलात. प्रत्येकाचे चार डाग पाडले, अर्धा तास मुरू दिले, वरचा थर चमच्याने काढला. प्रत्येक डागाचा डावा अर्धा भाग भांड्यावर लावतात त्या चंदेरी फॉइलने झाकला आणि कडेने चिमटे लावले. प्रत्येक जोडीतला एक तुकडा कोरडा ठेवला, एक ओला.

सव्वाअकराला उन्हात ठेवले, सव्वादोनला काढले. फॉइलखालचे सगळे अर्धे जसेच्या तसे पिवळे. म्हणजे काम उष्णतेने होत नाही, प्रकाशाने होतं; फॉइलखालचा कापड तर जास्तच तापला होता. उघडा कोरडा अर्धा फिका झाला पण पिवळा दिसतो. उघडा ओला अर्धा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी शिंपडत ठेवलेला, जवळजवळ पांढरा. ओलाव्याने फरक पडतो, कारण पाण्याने सुती धागा फुगतो, हवेतला प्राणवायू आत पोहोचतो आणि प्रकाश लागून कर्क्युमिनचा रेणू तुटायला लागतो. तुटलेल्या तुकड्यांना रंग नसतो.

तेलाच्या डागात मात्र एक गोष्ट दिसली आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं आहे. पिवळा रंग गेला, पण तुकडा वाळल्यावर खिडकीच्या उजेडासमोर धरला तर डागाच्या जागी एक अर्धपारदर्शक, किंचित करडा वर्तुळ उरलंय. ते तेल आहे. उन्हाने त्याला काहीच केलं नाही. एका डागात दोन डाग असतात, रंगाचा आणि तेलाचा. साबण तेल काढतो, रंग फारसा नाही. ऊन रंग काढतं, तेल नाही. आणि रंग आधी गेला तर तेल डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते कपड्यात राहून जातं. त्यामुळे क्रम ठरला: आधी तेल, मग ऊन.

९ एप्रिल

तेल काढायची पद्धत ठरवली. कपड्यांच्या पावडरीपेक्षा भांड्यांचं लिक्विड या कामाला चांगलं, कारण ते स्वयंपाकाच्या तेलासाठीच बनवलेलं असतं. पण ते रंगहीन किंवा फिकट असावं. गडद हिरव्याचा स्वतःचा रंग पांढऱ्यावर राहतो.

वाळलेला गाळ चमच्याच्या काठाने उचलायचा, घासायचा नाही. कपडा उलटा करून डागाच्या पाठीकडून नळाची धार सोडायची, म्हणजे तेल आत न जाता आल्या वाटेने बाहेर पडतं. मग पाणी झटकून, म्हणजे जवळजवळ कोरड्या अवस्थेत, हाताच्या तळव्याएवढ्या डागावर एक चहाचा चमचा लिक्विड घालून बोटांनी चोळायचं. जास्त पाण्यात लिक्विड टाकलं तर ते पाण्यातच फिरतं, तेलापर्यंत पोहोचत नाही. पंधरा मिनिटं ठेवायचं. मग कोमट पाण्यात धुवायचं. पाणी असं हवं की हात आरामात बुडवता यावा, साधारण ४० अंश. डाग या टप्प्यात लाल झाला तर घाबरायचं कारण नाही, ती साबणाची लाली.

तेल गेलं का हे पाहायला सुती कपडा वाळवून त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडतो. स्वच्छ सुतात तो लगेच पसरतो, तेलकट जागी क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. उभा राहिला तर पुन्हा लिक्विड. नव्या, खळ काढायच्या राहिलेल्या कपड्यावर ही चाचणी फसवते, म्हणून त्याच कपड्याच्या डागविरहित भागावर एक थेंब टाकून दोन्हींची तुलना करावी.

कोमटच का, गरम का नाही, याचं उत्तर सुताला आणि पॉलिस्टरला वेगळं आहे. सुताला गरम पाण्याने फारसं नुकसान नाही. पॉलिस्टरचा धागा ७०-८० अंशांच्या आसपास सैल होतो आणि त्या वेळी त्याच्या आत रंग शिरतो. कापड गिरणीत पॉलिस्टर याच तत्त्वावर रंगवतात, फक्त तिथे तापमान १३० अंशांपर्यंत नेतात. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि पॉलिस्टरलाही पाण्यापेक्षा तेलच जवळचं. त्यामुळे डाग असताना उकळतं पाणी घातलं किंवा इस्त्री फिरवली तर तो डाग पॉलिस्टरच्या आत रंगवल्यासारखा बसतो. डाग पूर्ण जाईपर्यंत टेरिकॉटला इस्त्री बंद.

१० एप्रिल

उन्हाची मांडणी. सुरुवातीला तारेवर कपडे लटकवले. दोन तासांत वरचा भाग वाळला आणि खालच्या काठाशी पाणी जमा झालं, म्हणजे एकाच एप्रनवर दोन वेगवेगळ्या गती. शिवाय लोखंडी तार गंजलेली होती आणि ओल्या कपड्यावर तिची तपकिरी रेघ उमटली. गंजाचा डाग हळदीच्या कितीतरी पटीने चिवट असतो. तार बदलून नायलॉनची दोरी बांधली आणि डागाचे कपडे दोरीवर न ठेवता जुन्या पांढऱ्या चादरीवर आडवे पसरायला सुरुवात केली. खाली रंगीत चटई नको, तिचा रंग ओल्या कपड्यात उतरतो.

डागाची बाजू वर, सूर्याकडे तोंड करून. झाकण नाही, घडी नाही, एकावर एक नाही. पाण्याच्या फवारणीची बाटली जवळ ठेवून दर वीस ते तीस मिनिटांनी डाग ओलसर करायचा. पाणी निथळेल इतकं नको, फक्त बोटाला ओलावा जाणवला पाहिजे. साबण पूर्ण खंगाळलेला असावा, नाहीतर उन्हात तो कपड्यावरच सुकतो आणि पिवळट पुटं धरतो.

वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी तीन. एका दिवसात एका कपड्याला जास्तीत जास्त चार तास. चार तासांत डाग गेला नाही तर कपडा धुऊन वाळवून दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशीही डाग असेल तर तो उन्हाने जाणारा नाही, दुसरी पद्धत घ्यायची.

१२ एप्रिल

एप्रन क्रमांक ६, पूर्ण नोंद. छातीवर सुमारे १२ सेंटीमीटर लांब तर्रीचा फराटा, पोटाशी खिशाच्या तोंडावर दुसरा. डाग अंदाजे आठवडाभर जुने, धुतलेले नाहीत.

सकाळी आठ वाजता पाठीकडून पाणी, दोन्ही डागांवर मिळून दोन चमचे लिक्विड, वीस मिनिटं. कोमट धुणं. छातीचा डाग तपकिरी-लाल झाला, दोन खंगाळण्यांनंतर व्हिनेगरच्या पाण्यात पिवळा परत. थेंबाची चाचणी: छातीवर पाणी लगेच पसरलं, खिशाच्या तोंडावर थेंब उभा. खिशावर पुन्हा एक चमचा लिक्विड, जुन्या मऊ दातब्रशने शिवणीच्या दिशेने, पुन्हा पंधरा मिनिटं. आता थेंब पसरला.

१०:४० ला उन्हात. ११:४० ला फराट्याच्या पातळ शेपटीचा पिवळा रंग गेलाय, मधला दाट भाग फिका. १२:५० ला मधला भाग कागदाच्या जुन्या पानासारखा फिकट, कडेचा एक बारीक पिवळा धागा दिसतो. १:४० ला तोही गेला. छातीच्या जागी सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला, लाली नाही.

खिशाची गोष्ट वेगळी. कापड पांढरं झालं, पण खिशाच्या तोंडाची दुहेरी शिवण जवळून पाहिली तर टाक्यांवर ठिपक्या-ठिपक्यांची पिवळी रांग. दोन कारणं. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा आहे आणि दुमडीच्या आतला थर उन्हाला दिसतच नाही. खिशाचं तोंड उलट दुमडून, पाठ उन्हाकडे करून आणखी दीड तास ठेवलं तेव्हा आतला थर गेला. टाक्यांचे ठिपके मात्र फिके होऊन थांबले. एप्रन परत देताना हे सांगायला हवं.

याच नियमाने कॉलर, कफ, बटणपट्टी, दुमडलेली झालर, हे सगळे भाग आतून बाहेरून दोनदा उन्हाला दाखवायचे. पुढच्या बाजूने स्वच्छ दिसलं म्हणजे आत स्वच्छ असेलच असं नाही.

१३ एप्रिल

बाकीचे एप्रन याच पद्धतीने. १३ पैकी ९ एका दिवसात, ३ दोन दिवसांत. एकावर लोणच्याचा डाग निघाला, हळद मोहरीच्या तेलात अनेक दिवस मुरलेली. त्याचं तेल काढायला लिक्विड चार वेळा लावावं लागलं आणि रंग पूर्ण गेला नाही. तो बाजूला ठेवला.

१५ एप्रिल

टेरिकॉटचे शर्ट. सुरुवात सारखीच, पाणी कोमटापेक्षा जरा थंडच. पहिल्या दोन तासांत अपेक्षेप्रमाणे बराच पिवळेपणा गेला, कारण सुताचा वाटा पांढरा झाला. मग गती एकदम मंदावली. उरलेली फिकट पिवळी झाक पॉलिस्टरच्या धाग्यांची. तिला प्रकाश लागतो, पण धाग्याच्या आत ओलावा आणि प्राणवायू दोन्ही कमी पोहोचतात.

नऊपैकी सहा शर्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वच्छ. तीन राहिले. चौकशी केल्यावर कळलं की त्या तिघांवर डाग असतानाच इस्त्री झाली होती. डागाच्या कडा धूसर न दिसता रेखीव दिसतात, बोटाने चोळलं तर तेलकटपणा नाही, आणि सोड्याचा थेंब टाकला तर लाली मंद आणि उशिरा येते, कारण क्षाराला धाग्याच्या आत जायला वेळ लागतो. या तीन खुणा एकत्र दिसल्या की डाग इस्त्रीने बसलेला आहे असं समजावं.

१८ एप्रिल

एका मदतनीसाने सुचवलं: लिंबू पिळून उन्हात ठेवू, आजी असंच करायच्या. लिंबाच्या आम्लाने हळदीचा लाल डाग पिवळा होतो, याशिवाय रंगावर त्याचा मोठा उपयोग नाही. काम ऊनच करतं. आणि दोन धोके आहेत. कपड्यावर रस सुकला की आम्ल घट्ट होतं आणि गरम उन्हात सुताचा धागा कमकुवत करतं. दुसरा धोका हातांचा. लिंबाच्या रसात असे पदार्थ असतात जे त्वचेवर राहिले आणि वर ऊन पडलं की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे लाल चट्टे, कधी फोड येतात, आणि नंतर काळसर डाग महिनोन्महिने राहतात. गच्चीवर लिंबू नको, एवढं ठरवलं. व्हिनेगरचं पाणीसुद्धा खंगाळून घेतल्यावरच कपडा उन्हात.

उन्हात राहणाऱ्या माणसाची सोयही लिहून ठेवायला हवी. दर अर्ध्या तासाने पाणी मारायला जायचं म्हणजे साडेबारा ते दोनच्या कडक उन्हात चार फेऱ्या. टोपी, पायात चप्पल, कारण गच्चीची फरशी पाय भाजते, आणि पांढऱ्या ओल्या कपड्यांवरून परतणारा प्रकाश डोळ्यांना त्रास देतो, म्हणून गॉगल.

२३ एप्रिल

आठ दिवसांपूर्वी दिलेले एप्रन परत आले. दोघांवर त्याच जागी पुन्हा पिवळेपणा. पहिला अंदाज असा की हळद उरली होती. सोड्याचा थेंब टाकला, लाली आली नाही. मग नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीने अंधारात पाहिलं. कपड्याचा पांढरा भाग निळसर चमकला. कपडा जास्त पांढरा दिसावा म्हणून कपड्यांच्या पावडरीत घातलेले उजळक तसे चमकतात. पिवळ्या जागी ती चमक मळकट दिसली. बोटाला जागा किंचित ताठ लागली.

हे जुनं तेल. थेंबाची चाचणी त्या दोघांची घाईत झाली होती, असं नोंदीतून दिसतं. कपड्यात राहिलेलं तेल हवेतल्या प्राणवायूने काही दिवसांत चिकट, पिवळट होतं. कढईच्या बाहेरच्या काठावर जुन्या तेलाचा थर बसतो, तोच प्रकार. याला ऊन कितीही दिलं तरी उपयोग नाही, उलट जास्त उन्हाने ते पक्कं होतं.

सुती असल्याने उपाय सोपा: ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी, कपड्यांची चांगली पावडर पाकिटावरच्या मापाने, ४५ मिनिटं भिजत, मग डागावर थेट लिक्विड आणि ब्रश. एक एप्रन पूर्ण, दुसऱ्यावर सावली उरली. पॉलिस्टरवर हाच प्रयोग ४० अंशांच्या वर न्यायचा नाही आणि वेळ दुप्पट करायचा.

२ मे

इस्त्रीने बसलेल्या तीन शर्टांसाठी आणि लोणच्याच्या एप्रनसाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पांढरी पावडर. पाण्यात विरघळल्यावर तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साईड सुटतं. प्रमाण चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम. पाणी साधारण ४० अंश. गार पाण्यात पावडर फार मंद काम करते. कपडा पूर्ण बुडवून दोन तास. बादलीवर घट्ट झाकण लावायचं नाही, कारण प्राणवायू सुटत राहतो आणि दाब वाढतो. लोखंडी बादली वापरायची नाही.

कपडा टाकला की पहिल्या मिनिटातच डाग वीटकरी लाल होतो. पावडर क्षारधर्मी आहे, म्हणून. नंतर तासाभरात लाली हळूहळू विरघळते. पहिल्यांदा करणारा माणूस लाली पाहून कपडा बाहेर काढतो आणि तिथेच काम बिघडतं. तो लाल रंग पुढे फिका होणार आहे, हे माहीत असलं की हात आवरतो.

एप्रनवरचा लोणच्याचा डाग दोन बुडवण्यांत गेला. शर्टांपैकी दोन बरेच फिके झाले. परकार्बोनेटनंतर तीन वेळा खंगाळून मगच उन्हात. पेरॉक्साईड कपड्यात राहून उन्हात सुकलं तर पाणी उडतं, ते घट्ट होतं आणि धागा खातं.

क्लोरीनच्या ब्लीचबद्दलही स्पष्ट लिहून ठेवतो, कारण खानावळीत त्याची बाटली असतेच. हळदीचा रंग ते काही मिनिटांत घालवतं, हे खरं. शुद्ध सुतावर, चार लिटर गार पाण्यात दोन मोठे चमचे, पाच ते दहा मिनिटं, एवढीच मर्यादा. सुरकुत्या न पडणारं म्हणून विकलेलं सुती कापड त्याने पिवळं पडतं, लवचीक पट्ट्या सैल होतात आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर कपडाभर तपकिरी छटा येते. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि लिंबू, ब्लीच आणि शौचालयाचं आम्ल, यांपैकी कुठलीही जोडी एका बादलीत किंवा लागोपाठ न खंगाळता येऊ द्यायची नाही. विषारी क्लोरीन वायू निघतो. या कामात आम्ही व्हिनेगर वापरतो, म्हणून ब्लीचची बाटली गच्चीवर आणलीच नाही.

४ मे

टेबलक्लॉथ. पूर्ण पॉलिस्टर, त्यामुळे ते तेलाच्या बाबतीत सगळ्यांत हट्टी. सुखद गोष्ट अशी की यांना इस्त्री कधीच लागलेली नाही, म्हणून रंग वरवर आहे. लिक्विड दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास. पाण्याच्या थेंबाची चाचणी इथे चालत नाही, कारण स्वच्छ पॉलिस्टरवरही थेंब उभा राहतो. त्याऐवजी कपडा कोरडा करून डागावर पांढरा टिश्यू ठेवून वर जड पातेलं दहा मिनिटं ठेवलं. टिश्यू उजेडात धरल्यावर पारदर्शक ठिपका दिसला तर तेल आहे.

चार टेबलक्लॉथ दोन उन्हांत स्वच्छ. दोघांवर चिमटीएवढ्या पिवळ्या छटा, त्यांना परकार्बोनेट.

१९ मे

आता उन्हाच्या अतिरेकाची नोंद. एक एप्रन विसरून दोन पूर्ण दिवस गच्चीवर राहिला. डाग नाहीत, पण शेजारच्या एप्रनच्या तुलनेत तो निस्तेज, किंचित पिवळट दिसतो. जांभळ्या बॅटरीखाली त्याची निळी चमक अर्ध्याहून कमी, आणि जिथे दुसऱ्या कपड्याची बाही पडली होती तिथे चमक शाबूत. म्हणजे अतिनील प्रकाशाने उजळकच नष्ट केले. हा डाग नाही, पण ग्राहकाला तो डागासारखाच दिसतो. पुढच्या धुण्यात नीळ घातली, पाच लिटर पाण्यात चार थेंब, पूर्ण ढवळून, मग कपडा. नीळ कपड्यावर थेट टाकली की निळे शिंतोडे बसतात आणि ते काढायचं नवं काम उभं राहतं.

दीर्घ उन्हाने सूत कमजोरही होतं. चार तास रोज, असे दोन-तीन दिवस याने फरक पडत नाही, पण महिनाभर एकच कपडा उन्हात ठेवला तर तो विरायला लागू शकतो. कंबरेला लवचीक पट्टी असलेले आणि छापील चिन्ह असलेले कपडे उलटे करून, फक्त डागाची जागा उघडी ठेवून बाकीचा भाग जुन्या कापडाने झाकायचा. छापील चिन्ह उडालं तर डागापेक्षा मोठी तक्रार येते.

१६ जून

पाऊस. गच्ची बंद. तेल काढलेला ओला सुती तुकडा खोलीतल्या खिडकीशी, बंद काचेमागे ठेवला. दोन दिवसांत फिका झाला. काच अतिनील प्रकाशाचा बराच भाग अडवते, पण हळद जो जांभळा-निळा प्रकाश शोषते तो काचेतून येतो, त्यामुळे खिडकीही चालते, फक्त वेळ जास्त लागतो. ढगाळ दिवसातही तसंच.

अडचण दुसरी आहे. दिवसभर ओला ठेवलेला सुती कपडा दमट हवेत कुबट वास धरतो, आणि काळे बुरशीचे ठिपके आले तर ते सहजी जात नाहीत. म्हणून पावसाळ्यात ओला ठेवायचा तो चार तासच, मग पंख्याखाली पूर्ण वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. घाई असेल तर परकार्बोनेट आधी.

२१ जून

शेवटची मोजणी. एप्रन १४ पैकी १२ स्वच्छ; क्रमांक ६ वर शिवणीचे फिके ठिपके, आणखी एकावर जुन्या तेलाची हलकी सावली. टेबलक्लॉथ सहाही स्वच्छ. शर्टांपैकी आठ झाले. उरलेल्या एकाच्या उजव्या कफवर नखाएवढी पिवळी छटा अजून आहे. तो परकार्बोनेटच्या तीन बुडवण्या आणि पाच उन्हं पाहून आलाय. चौथी बुडवणी करणार नाही, कारण कफच्या काठाचा कापड आता हाताला मऊ न लागता विरविरीत लागतो. छटेसकट परत देतोय, सोबत चिठ्ठी: हळदीचा डाग पडला की इस्त्रीआधी आमच्याकडे पाठवावा, आणि पाठवेपर्यंत साबण लावू नये, फक्त पाठीकडून गार पाण्याची धार सोडावी.